माळ्यावरचा बिडाचा तवा गंजलाय आणि धिरडं निघतच नाही, परत कसा तयार करायचा?

बोरीकाठची (अमळनेर)
नमस्कार मंडळी. सासूबाईंचा बिडाचा तवा माळ्यावरून काढला, दहा इंची असेल, एका हाताने उचलवत नाही इतका जड. दोन पावसाळे तसाच पोत्यात गुंडाळून पडलेला, त्यामुळे पूर्ण केशरी झाला होता. मी लिंबू आणि मीठ लावून घासला, बराचसा गंज गेला, मग कोणीतरी सांगितलं म्हणून चांगलं तीन चमचे सूर्यफूल तेल ओतून सगळीकडे पसरवलं, मंद गॅसवर दहा मिनिटं तापवला आणि तसाच ठेवून दिला. आठ दिवसांनी बघते तर तवा हाताला चिकट लागतोय, फडकं अडकतंय. त्यावर ज्वारीच्या पिठाचं धिरडं टाकलं तर मधोमध असं बसलं की उलथन्याने खरवडून काढावं लागलं आणि धिरड्याच्या खालच्या बाजूला लालसर भुकटी आली. मुलाने ताट सरकवलं बाजूला. सासूबाई याच तव्यावर माझ्या लग्नानंतर पहिलं धिरडं करून वाढत होत्या, आता त्या नाहीत, म्हणून तवा टाकवत नाही. सांगा ना कोणीतरी नीट काय करायचं.

केळीबाग (रावेर)
ताई सोप्पं आहे. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी गंज आपोआप सुटून येतो. मी शेतातला कोयता असाच साफ केला होता.

मेहरूणची बोरं (जळगाव)
कांदा अर्धा कापून काट्याला टोचून तेलात बुडवून घासायचा तव्यावर, आमच्याकडे प्रत्येक धिरड्याआधी करतात, कधीच चिकटत नाही.

उलथनं (जळगाव)
ताई, माझी नाश्त्याची गाडी आहे, अकरा वर्षं रोज बिडाच्या तव्यावर डोसा आणि धिरडी काढते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पण आधी एक बघून सांगा. तवा थोडा कोमट करा आणि बोट फिरवा. चिकट कुठे लागतंय आणि कोरडी लाल भुकटी कुठे येतेय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघींचा उपाय पण वेगळा आहे.

केळीबाग दादा, व्हिनेगर बरोबर पण रात्रभर नको हो. ते गंज खाऊन संपलं की मग खालचं बीड खायला लागतं. पहाटेपर्यंत तव्याला राखाडी खरखरीत पृष्ठभाग येतो, हात काळा होतो, आणि तसला पृष्ठभाग गंजतोही लवकर. कोयत्याला तुम्ही नंतर धार लावली असेल म्हणून लक्षात आलं नाही.

बोरीकाठची
आत्ता करून बघितलं. कडेला सगळीकडे चिकट, वाळलेल्या गुळाच्या पाकासारखं, तपकिरी. मधे साधारण वाटीएवढ्या भागात कोरडी लाल भुकटी. आणि एका ठिकाणी रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा-खड्डा असल्यासारखं लागतंय.

उलथनं
झालं मग, कळलं. कडेचा चिकटा म्हणजे तुमचं तेलच आहे, अर्धवट शिजलेलं. तेल खूप पातळ असेल आणि नीट तापलं तर ते वाळून कडक होतं, तव्याला धरून बसतं, तेच आपलं काळं तुकतुकीत अस्तर. पण जाड ओतलं की वरचा पापुद्रा वाळतो, आतलं ओलंच राहतं, आणि मंद गॅसवर दहा मिनिटांत ते कधी पक्कं होणार नाही. तीन चमचे म्हणजे दहा इंची तव्याला सहापट झालं. मधला भाग तापला जास्त, तिथलं तेल पातळ होऊन कडेला सरकलं असणार, आणि लिंबाने गंज पूर्ण निघाला नव्हता तो उघडा पडून परत वाढला. मीठ नीट धुतलं गेलं नसेल तर मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्याने पण गंज चढतो.

आता महत्त्वाचं असं की व्हिनेगर थेट टाकून उपयोग नाही, कारण तेलाच्या चिकट्याखाली आंबट पोचतच नाही. म्हणून आधी चिकटा काढायचा, मग गंज. उलटं केलं की अर्ध्या तव्याचा गंज तसाच राहतो आणि वरून परत तेल चढवलं की तोच पापुद्रा पुढे उचलून येतो.

चिकट्यासाठी धुण्याचा सोडा. खायचा नाही, धुण्याचा, किराणा दुकानात सुटा मिळतो. तवा बसेल एवढ्या मोठ्या स्टीलच्या किंवा लोखंडी पातेल्यात, अ‍ॅल्युमिनियमचं घेऊ नका ते काळं पडतं, पाणी गरम करा, लिटरला दोन मोठे चमचे सोडा, आणि तवा त्यात अर्धा-पाऊण तास मंद उकळू द्या. रबरी हातमोजे घाला, सोड्याचं गरम पाणी कातडी सोलतं. मग स्टीलच्या घासणीने घासा. कडेचा तपकिरी थर मऊ होऊन गोळ्या-गोळ्या होऊन निघतो. एका वेळेला नाही निघाला तर पाणी बदलून परत.

जुना फिटर (भुसावळ)
बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्यात कार्बन भरपूर, दोन ते चार टक्के, म्हणून ते ठिसूळ असतं. पत्र्याच्या लोखंडी तव्यासारखं वाकत नाही, तडकतं. म्हणून ताई, कामाला लागण्याआधी तवा कडीने उचलून चमच्याने टिचकी मारा. घंटेसारखा आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, मग मेहनत घेऊ नका. आणि गरम तव्यावर गार पाणी ओतायचं नाही, कधीच.

गंजाचं म्हणाल तर मी ड्रिलला तारेचा ब्रश लावून एकदम चकचकीत करतो. वर पॉलिश पेपर, ऐंशी नंबर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. आरशासारखा झाला की चिकटायचं कारणच राहत नाही.

उलथनं
फिटर काका, तडा तपासायची गोष्ट मी विसरले होते, बरं झालं सांगितलंत. पण आरशासारखा करायला माझा विरोध आहे. आमच्याकडे एका तव्याला ग्राइंडर मारून आणला होता, पहिले महिनाभर तेल त्यावर धरेनाच, पापुद्रे सुटायचे. थोडी खरखर लागते तेलाला पकडायला.

जुना फिटर
धरतं, जरा वेळ लागतो. माझ्या घरी आठ वर्षं चालू आहे गुळगुळीत केलेला. तुमच्याकडे दोनशेवीसच्या पुढे गेले असतील किंवा तेल लावण्याआधी धूळ पुसली नसेल. यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही, पण ताईंच्या तव्याला ड्रिलची गरज नाही, हे मान्य.

पांझराकाठ (धुळे)
आमची आजी चुलीत लाल होईपर्यंत ठेवायची तवा, सगळी घाण जळून जायची, मग राखेने घासायचा. विकतचा सोडा, व्हिनेगर काही नाही.

जुना फिटर
दादा, आजीचा तवा बहुतेक लोहाराने ठोकलेला पत्र्याचा असणार. त्याला चालतं ते. बीड लाल केलं की तव्याला बाक येऊ शकतो किंवा निवताना तडकतो, आणि नाही तडकला तरी वरचा थर जळून फिकट लालसर होतो. तो रंग पुसून जात नाही, घासला तरी परत दिसतो, आणि त्यावर तेल नीट बसत नाही. गंज समजून लोक घासत राहतात, तो गंज नसतो.

बोरीकाठची
आवाज चांगला आला, टण् करून. सोडा आणलाय, रात्री करते. व्हिनेगर किती, किती वेळ?

उलथनं
साधं पांढरं व्हिनेगर, अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी. तवा बुडेल इतकं नको असेल तर ओलं फडकं भिजवून फक्त लाल भागावर पसरा, व्हिनेगर कमी लागतं. वीस मिनिटांनी बघा. स्टीलच्या घासणीने घासलं की काळपट पाणी येईल, खालून करडं लोखंड दिसायला लागेल. नाही दिसलं तर अजून वीस मिनिटं. एकूण तासाच्या वर जाऊ नका. चिंचेचं पाणी पण चालतं पण वेळ जास्त घेतं. निघाला की लगेच धुवायचं, मग चिमूटभर खायचा सोडा पाण्यात घालून एक हात फिरवायचा म्हणजे आंबटपणा मरतो, परत धुवायचं.

आणि इथे बहुतेक जण फसतात. धुतल्यावर तवा ओट्यावर उभा करून ठेवला आणि चहा करायला गेलं की पाच-दहा मिनिटांत परत केशरी छटा येते. उघडं लोखंड आणि ओलावा, दुसरं काही लागत नाही. म्हणून फडक्याने पुसून लगेच गॅसवर, मंद आचेवर, पाणी पूर्ण उडेपर्यंत. तरी थोडी छटा आलीच तर घाबरू नका, तेलाच्या फडक्याने पुसली की निघते.

मांडेवाली (चोपडा)
मला पण हाच प्रश्न, मनं मांड्याचं खापर चिकटतंय. पुरणाचा मांडा टाकला की एका बाजूला धरून बसतो. त्याला पण सोड्यात उकळू का?

उलथनं
नाही नाही काकू, खापर मातीचं! सोड्यात उकळलं तर माती सोडा पिऊन घेईल आणि पहिल्या मांड्याला चव लागेल. खापराला तेल पण पाजायचं नसतं. तुमचं बहुतेक एका बाजूला जाळ कमी पोचतोय, मांडा तिथेच धरतो. वेगळा धागा काढा ना, चोपड्याच्या काकवा बरोबर सांगतील.

मांडेवाली
बरं बहीण. काढते.

केळीबाग
तेल कोणतं घ्यायचं मग? मी ऐकलंय जवसाचं तेल सगळ्यात भारी, सगळीकडे तेच सांगतात.

उलथनं
जवसाचं तेल वाळतं सगळ्यात कडक, हे खरं. तेलरंगात पण तेच वापरतात ना. पण इतकं कडक की ठिसूळ होतं, आणि तवा गरम-गार गरम-गार झाला की काही महिन्यांनी पापुद्रे सुटतात. मी एकदा केलं होतं, दिसायला काळं सुंदर झालं आणि तिसऱ्या महिन्यात डोशाला काळे तुकडे चिकटून आले. गिऱ्हाईकासमोर मान खाली गेली.

मी करडईचं वापरते. आपल्याकडे घाण्यावर मिळतं. तुम्ही बघितलं असेल करडईच्या तेलाच्या बाटलीचं तोंड चार दिवसांत चिकट होतं, म्हणजे ते हवेत वाळणारं तेल आहे, तव्याला तेच पाहिजे. सूर्यफूल आणि सोयाबीन पण चांगलं. शेंगदाण्याचं चालतं, थोडं हळू बसतं. तूप आणि खोबरेल नको, ते वाळत नाही.

मेहरूणची बोरं
आमच्या घरी पिढ्यानपिढ्या शेंगदाण्याचंच तेल, तवा काळा कुळकुळीत आहे. करडईचा वास मला सहन होत नाही.

उलथनं
तुमचा तवा रोजच्या वापराने झालाय ताई, रोज थोडं थोडं. ते सगळ्यात चांगलं. कांद्याने पण तेच होतं, दर वेळेला पातळ हात फिरतो तेलाचा. पण तयार तव्यावर. उघड्या लोखंडावर कांदा फिरवला तर पहिलं धिरडं निघतं, दुसरं बसतं.

आता बोरीकाठची ताई, तेल कसं द्यायचं ते. तवा कोरडा आणि कोमट असताना, हात जेमतेम टिकेल इतका गरम, अर्धा चहाचा चमचा तेल घ्या. आत, बाहेर, कडेला, कडीला, सगळीकडे चोळा. मग दुसरं कोरडं सुती फडकं घ्या आणि सगळं तेल पुसून टाका, चुकून लागलं होतं आणि आता काढायचंय असं समजून. तवा कोरडाच दिसला पाहिजे. तुम्हाला वाटेल काहीच उरलं नाही, उरलंय, तेवढंच हवं.

मग गॅसवर मध्यम आच. खिडकी उघडा, पंखा लावा, धूर होणार आहे. धूर सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं, धूर जवळजवळ थांबेपर्यंत ठेवायचं. गॅसचा त्रास असा की मधे जाळ, कडेला गार. म्हणून सांडशीने तवा सरकवत राहा, एकदा ही कड बर्नरवर, एकदा ती. बंद करून निवू द्या, परत अर्धा चमचा, परत पुसा, परत तापवा. पाच-सहा वेळा. ओव्हन असेल तर पालथा ठेवून दोनशेतीस डिग्रीला एक तास, तो सगळीकडे सारखा तापतो, पण आपल्याकडे किती घरी एवढा मोठा ओव्हन असतो.

पहिल्या थराला रंग तपकिरी, तांब्यासारखा येईल. घाबरू नका. काळा चार-पाच थरांनी येतो. निवल्यावर बोटाला चिकट लागला तर तेल जास्त झालंय, नवीन तेल न लावता तसाच अजून वीस मिनिटं तापवा, बऱ्याचदा तेवढ्याने बसतं.

पांझराकाठ
आणि साबण लावायचा नाही अजिबात, कधीच.

उलथनं
मी संध्याकाळी थोडा भांड्याचा साबण लावते, पटकन धुते, लगेच गॅसवर वाळवते. अस्तर पक्कं असेल तर साबणाने जात नाही. पाण्यात भिजत ठेवल्याने जातं. माझ्याकडच्या बाई एकदा रात्रभर बादलीत ठेवून गेल्या, सकाळी दोन तास गेले माझे.

पांझराकाठ
आम्ही नाहीच लावणार. गरम पाणी आणि नारळाची शेंडी पुरते.

बोरीकाठची (दहा दिवसांनी)
आले परत, सगळं सांगते. सोडा दोनदा करावा लागला, पहिल्या वेळेला कडेचा चिकटा अर्धाच निघाला. दुसऱ्या पाण्यात निघाला आणि खालून खरंच केशरी गंज दिसला, जिथे मला वाटत होतं की तेलाने काळं झालंय तिथे. म्हणजे नुसतं व्हिनेगर टाकलं असतं तर तो राहिलाच असता. मग व्हिनेगरचं फडकं वीस मिनिटं, घासलं, परत वीस मिनिटं. करडं लोखंड आलं. धुतल्यावर मी फक्त दार उघडायला गेले, आले तर हलकी केशरी छटा. तेलाच्या फडक्याने पुसली.

तेल सहा वेळा दिलं, दोन दिवसांत. करडईचं मिळालं नाही, सूर्यफूलच वापरलं. तिसऱ्या थराला मी परत जास्त तेल लावलं होतं, चिकट लागलं, तुम्ही सांगितलं तसं नुसतं तापवलं, बसलं. मग पहिले दोन दिवस त्यावर फक्त तेल लावून पराठे केले. काल धिरडं टाकलं. पहिलं मधे थोडं धरलं, दुसरं उलथनं लावायच्या आधीच कडा सुटल्या. तिसरं मी तव्यावर नुसतं हलवलं तर सरकलं. रडू आलं मला.

पण दोन गोष्टी राहिल्यात. नाण्याएवढा खड्ड्याचा भाग तसाच, तिथे धिरड्याचा ठिपका धरतो. आणि डाव्या कडेला अजून जरासं चिकट लागतंय.

उलथनं
वाचून खूप बरं वाटलं हो. खड्डा गंजाने खाल्लेला आहे, तो भरून येत नाही. अस्तर चढत गेलं की थोडा उथळ होतो, माझ्या एका तव्याला वर्ष लागलं. तोपर्यंत तिथे पीठ पातळ पसरा आणि उलटायची घाई करू नका, तव्याला धरलेलं धिरडं पूर्ण भाजलं की बहुतेक वेळा आपणच सोडतं. डावी कड म्हणजे तुमच्या बर्नरची ती बाजू कमी पेटते का बघा. तेवढाच भाग बर्नरवर सरकवून धूर थांबेपर्यंत तापवा. आणि अजून महिनाभर टोमॅटो, चिंच, दही असलं काही त्यावर शिजवू नका, आंबटाने नवीन अस्तर उतरतं.

जुना फिटर
खड्ड्यापुरता पॉलिश पेपर मारलात तर कडा बोथट होतील, धरणं कमी होईल. ऐंशी नंबर नको, एकशेवीसने फक्त तेवढंच. नंतर त्या भागाला दोन थर परत. उलथनं ताईंना पटणार नाही.

उलथनं
एवढ्यापुरतं पटतं काका.

बोरीकाठची
अजून एक विचारते. घरात कळण्याची भाकरी रोज लागते. तीच याच तव्यावर करू का? आता दोन तवे काढायचा कंटाळा येतो.

उलथनं
मी नाही करणार. भाकरीला तवा कडक तापवावा लागतो, तेल नसतं, आणि वरून पाणी लावलेली बाजू तव्यावर पडते. रोज कोरडा कडक तापला की मधलं अस्तर जळून फिकं पडतं, मग धिरडं परत मधेच धरायला लागतं. भाकरीला पत्र्याचा लोखंडी तवा वेगळा ठेवा, तो स्वस्त असतो.

मेहरूणची बोरं
आमच्याकडे एकाच तव्यावर दोन्ही होतं, बीडच आहे. रात्री भाकरी झाल्यावर तेलाचा हात फिरवून ठेवतो गरम असतानाच. काही झालं नाही इतकी वर्षं.

जुना फिटर
ज्यांचं अस्तर पन्नास वर्षांचं आहे त्यांचं सोडा. ताईंचं दहा दिवसांचं आहे.

बोरीकाठची
बरोबर. मग सध्या भाकरीला जुना पत्र्याचाच तवा, हा फक्त धिरडं आणि पराठे. रविवारी डावी कड तापवते आणि खड्ड्याला एकशेवीसचा कागद मारून बघते. कागद मारल्यावर पूर्ण तव्याला तेल द्यायचं की फक्त तेवढ्यालाच?

उलथनं
तेवढ्याला आणि आजूबाजूला चार बोटं. पण गरम पूर्ण तवाच करा, नाहीतर मधेच रंगाची रेष दिसते, आणि पुसायचं विसरू नका.